चौदा टक्क्यांचं कर्ज खरं किती टक्क्यांना पडतं?

मंजूर झाले ३,००,००० रुपये आणि खात्यात जमा झाले २,८३,९२०. वैयक्तिक कर्ज घेणाऱ्या अनेकांना पासबुकात अशी तफावत दिसते. चौकशी केली की उत्तर मिळतं, प्रोसेसिंग फी आणि विमा वळता करून घेतला आहे. उत्तर खरं असतं, कागदावर सहीही आपलीच असते. तरीही एक प्रश्न उरतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही. हप्ते तर पूर्ण तीन लाखांवर ठरले आहेत, मग हातात आलेल्या रकमेवर आपण खरं व्याज किती टक्क्यांनी भरतो आहोत?

हे उत्तर काढता येतं. त्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. तिला अंतर्गत परतावा दर किंवा आयआरआर म्हणतात. नाव जड असलं तरी आतलं गणित बेरीज-वजाबाकीच्या पलीकडचं नाही. एक उदाहरण धरून ते शेवटपर्यंत करून पाहू.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेला घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज हवं आहे. एका मोठ्या बँकेचा प्रतिनिधी सांगतो, ‘मॅडम, तीन लाख, तीन वर्षं, फक्त चौदा टक्के. हप्ता १०,२५३ रुपये.’ व्याज घटत्या शिलकीवर आहे, म्हणजे जेवढं मुद्दल बाकी असेल तेवढ्यावरच आकारलं जाणार. इथवर सगळं सरळ आहे. पुढे कागदावर दोन ओळी येतात. प्रोसेसिंग फी दोन टक्के म्हणजे ६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८० रुपये, असे ७,०८०. दुसरी ओळ कर्ज-संरक्षण विम्याची, ९,००० रुपये. दोन्ही मिळून १६,०८० रुपये कर्ज देतानाच कापले जातात.

यावर घरोघरी जो हिशेब होतो तो असा: सोळा हजार म्हणजे तीन लाखांच्या साधारण साडेपाच टक्के, तीन वर्षांत वाटले तर वर्षाला पावणेदोन-दोन टक्के, म्हणजे चौदाचे पावणेसोळा-सोळा झाले, एवढंच. हा हिशेब चुकीचा आहे आणि चूक नेहमी कर्ज देणाऱ्याच्या फायद्याची होते. कारण हे तीन लाख रुपये बाईंकडे तीन वर्षं राहतच नाहीत. पहिल्या महिन्यापासून हप्त्यातून मुद्दल परत जायला लागतं. छत्तीस महिन्यांची सरासरी काढली तर त्यांच्याकडे वापरायला असलेलं कर्ज सुमारे १ लाख ६५ हजारच भरतं. फी आणि विमा मात्र पूर्ण तीन लाखांच्या हिशेबानं आणि पहिल्याच दिवशी गेलेले असतात. त्यांचा भार या सरासरी रकमेवर पडतो. म्हणून तो घरच्या हिशेबात दिसतो त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो.

आता खरा हिशेब. बँकेची वही बाजूला ठेवा आणि बाईंची वही उघडा. बँकेच्या वहीत पहिल्या दिवशी ३,००,००० बाकी दिसते. बाईंच्या वहीत पहिल्या दिवशी जमा आहेत २,८३,९२० रुपये, कारण तेवढेच त्यांच्या हातात आले. दोन्ही वह्यांत हप्ता एकच, १०,२५३ रुपये, छत्तीस वेळा. प्रश्न असा की बाईंच्या वहीत दरमहा कोणता व्याजदर लावला तर छत्तिसाव्या हप्त्यानंतर बाकी बरोबर शून्य होईल? जो दर हे साधतो तोच त्या कर्जाचा आयआरआर.

हा दर थेट सूत्रातून निघत नाही, तो चाचपून शोधावा लागतो. वार्षिक १६ टक्के धरून पाहू. दरमहा बाकीवर त्या दरानं व्याज चढवलं आणि हप्ता वजा करत गेलं, तर शेवटच्या महिन्यात कळतं की बाईंनी १२,४०० रुपये जास्त भरले आहेत. म्हणजे खरा दर १६ पेक्षा जास्त आहे. २० टक्के धरलं तर उलट होतं, छत्तीस हप्ते भरूनही साधारण १४,६०० रुपये बाकी राहतात. मग १८ धरून पाहू. शेवटी उरतात अवघे ५४० रुपये. म्हणजे उत्तर १८ च्या अगदी खाली आहे. आणखी बारीक केलं की १७.९२ टक्क्यांवर वही शून्याला येते.

पडताळणीसाठी पहिला महिना हातानं करून बघा. १७.९२ ला बारानं भागलं की महिन्याला १.४९३३ टक्के. २,८३,९२० वर त्या दरानं व्याज होतं ४,२४० रुपये. हप्ता १०,२५३, म्हणजे ६,०१३ रुपये मुद्दल फिटलं आणि बाकी राहिली २,७७,९०७. बँकेच्या वहीत याच महिन्यात व्याज लिहिलं आहे ३,५०० रुपये आणि बाकी २,९३,२४७. पैसे तेच, तारीख तीच, पण हातात न आलेल्या सोळा हजारांचं मुद्दल बँकेच्या वहीत आहे आणि बाईंच्या हातात नाही. त्यावरही त्या तीन वर्षं व्याज भरणार आहेत.

चाचपणीचं हे काम संगणक क्षणात करतो. एक्सेल किंवा गूगल शीट्स यांपैकी काहीही चालेल, मोबाईलवरचंही चालतं. एका मोकळ्या चौकटीत एवढंच लिहायचं:

```
=RATE(36,-10253,283920)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता, तिसरा हातात आलेली रक्कम. हप्त्यापुढचं वजाचं चिन्ह विसरू नका. पैसे आले ते अधिक, गेले ते वजा, हा नियम पाळला नाही तर उत्तराऐवजी चूक दाखवली जाते. चौकटीला टक्केवारीचं रूप द्या आणि दोन दशांश स्थळं ठेवा, नाहीतर ०.१८ असा आकडा दिसेल आणि गोंधळ होईल.

सगळे हप्ते सारखे नसतील, म्हणजे शेवटचा हप्ता वेगळा असेल किंवा मध्ये एखादा खर्च येणार असेल, तर एका स्तंभात वरच्या चौकटीत 283920 लिहा, खालच्या छत्तीस चौकटींत -10253, जिथे फरक असेल तिथे बदललेला आकडा, आणि मग:

```
=IRR(A1:A37,0.01)*12
```

शेवटचा 0.01 हा संगणकाला दिलेला अंदाज आहे, की उत्तर महिन्याला एक टक्क्याच्या आसपास शोध. तो दिला नाही तर संगणक दहा टक्क्यांपासून शोधायला लागतो आणि महिन्याच्या हप्त्यांसाठी ते फार दूर असल्यानं कधी कधी उत्तर सापडतच नाही.

याच कुटुंबातलं तिसरं फंक्शन म्हणजे XIRR. त्यात रकमेसोबत तारखाही द्याव्या लागतात. कर्ज महिन्याच्या मध्ये मिळालं आणि हप्ता पाच तारखेला असेल, म्हणजे पहिल्या तुटक दिवसांचं व्याज वेगळं घेतलं गेलं असेल, तेव्हा ते उपयोगी पडतं. पण इथे अनेकजण फसतात. याच कर्जाचं XIRR साधारण साडेएकोणीस टक्के दाखवतं. आकडा चुकीचा नाही, त्याची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. XIRR वर्षभराचं व्याजावरचं व्याजही धरतं. RATE ला बारानं गुणलं की ते धरलं जात नाही. बँकेचा चौदा टक्क्यांचा आकडाही महिन्याच्या दराला बारानं गुणूनच आलेला असतो. म्हणून चौदाची तुलना १७.९२ शी करायची. साडेएकोणीसशी करायची असेल तर आधी चौदालाही त्याच पद्धतीनं मोजायला हवं, आणि तसं मोजलं की त्याचे १४.९३ होतात.

आता हा दर ज्यासाठी काढायचा, ते काम. शिक्षिकेच्या गावातली सहकारी बँक तेवढंच कर्ज तेवढ्याच मुदतीसाठी १५.५ टक्क्यांनी देते. फी १,००० रुपये, जीएसटी १८० रुपये, विमा नाही. हप्ता १०,४७३ रुपये. प्रतिनिधीच्या तोंडून ऐकलं तर चौदा आणि साडेपंधरा यांत निवड करायला क्षणही लागू नये. हप्ताही मोठ्या बँकेचाच २२० रुपयांनी कमी आहे. पण हातात आलेले २,९८,८२० रुपये धरून सूत्र चालवा:

```
=RATE(36,-10473,298820)*12
```

उत्तर येतं १५.७८ टक्के. म्हणजे साडेपंधरा टक्क्यांचं कर्ज चौदा टक्क्यांच्या कर्जापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक स्वस्त आहे. रुपयांतही हे दिसतं: सहकारी बँकेत बाई छत्तीस हप्त्यांत एकूण ७,९२० रुपये जास्त भरतील, पण सुरुवातीलाच १४,९०० रुपये कमी देतील.

इथे थांबून आणखी एक गणित करायला हवं, कारण सगळा निकाल त्यावर फिरतो. मोठ्या बँकेच्या कर्जातून विमा काढून टाकला आणि फक्त फी ठेवली, तर हातात येतात २,९२,९२० आणि दर येतो १५.६९ टक्के. सहकारी बँकेच्या जवळजवळ बरोबरीत. म्हणजे चौदाचे पावणेसोळा होतात ते फीमुळे आणि पावणेसोळाचे अठरा होतात ते विम्यामुळे. घासाघीस करताना लोक फीवर जोर लावतात. ‘फी अर्धी करा’ म्हणतात आणि ती कधी कमी होतेही, पण विम्याची ओळ तशीच राहते. माझ्या मते पहिला प्रश्न विम्याबद्दलच विचारायला हवा.

विमा म्हणजे निव्वळ खर्च नव्हे, हे मान्य. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं आणि घरच्यांवर ओझं येत नाही. ज्यांच्याकडे कसलाच आयुर्विमा नाही, घरात कमावणारं एकच माणूस आहे, त्यांच्यासाठी हे संरक्षण खरंच मोलाचं आहे. पण त्याची किंमत वेगळी मोजून मग घ्यावी. इथे ९,००० रुपयांत मिळतं काय? तीन वर्षांचं संरक्षण. अशा पॉलिसींमध्ये बहुधा विम्याची रक्कम कर्जाच्या बाकीबरोबर दरमहा घटत जाते. ज्यांचा आधीपासून पुरेशा रकमेचा मुदत विमा आहे, त्यांना तीन लाखांसाठी दुसऱ्यांदा प्रीमियम भरण्याचं कारण नाही. म्हणून हिशेब नेहमी दोनदा करा, एकदा विमा धरून आणि एकदा वगळून. दोन उत्तरांतला फरक, आपल्या उदाहरणात सव्वादोन टक्के, ही त्या विम्याची कर्जाच्या भाषेतली किंमत. ती पटली तर घ्या.

‘विम्याचे पैसे वेगळे द्यायचे नाहीत, कर्जातच घालू, हप्ता फक्त ३०८ रुपयांनी वाढेल,’ असंही सांगितलं जातं. तेव्हा कर्ज ३,०९,००० चं होतं आणि हप्ता १०,५६१ चा. फी तेवढीच धरली तर हातात येतात २,९२,९२०. सूत्र चालवलं की दर निघतो साधारण १७.८ टक्के. म्हणजे खरा दर जवळपास आहे तिथेच आहे. ९,००० रुपयांचा विमा छत्तीस महिन्यांत ११,००० रुपयांहून जास्त घेऊन जातो, एवढंच नवं घडलं.

रिझर्व्ह बँकेनंही नेमकी हीच पद्धत धरली आहे. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँकांनी आणि वित्तसंस्थांनी ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. त्यात एपीआर नावाचा एक वार्षिक दर द्यावा लागतो आणि तो कसा काढला त्याचा तक्ताही जोडावा लागतो. परिपत्रकातलंच उदाहरण पाहा: २०,००० रुपयांचं कर्ज, १५ टक्के व्याज, २४ हप्ते, प्रत्येकी ९७० रुपये, एकूण शुल्क ४०० रुपये. एपीआर १७.०७ टक्के. फक्त चारशे रुपयांनी दोन टक्क्यांचा फरक पडला. 970 आणि 19600 हे आकडे वरच्या सूत्रात 24 हप्त्यांसह घालून बघा, उत्तर जुळतं. हप्ता पूर्ण रुपयांत घेतल्यानं शेवटच्या दशांशात थोडा फरक पडेल, तेवढाच.

विम्याबद्दल परिपत्रक स्पष्ट आहे. विमा, कायदेशीर तपासणी अशी जी रक्कम कर्ज देणारी संस्था दुसऱ्या कुणासाठी वसूल करते, तीही एपीआरमध्ये धरायची. पण विमा ‘ग्राहकानं स्वेच्छेनं घेतला’ असं नोंदवून त्याचा वेगळा अर्ज भरून घेतला गेला, तर तो एपीआरबाहेर राहू शकतो. म्हणून छापील एपीआरवर विसंबून न राहता तक्त्यातली ‘प्रत्यक्ष वितरित रक्कम’ आणि आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम ताडून पाहा. दोन्ही सारख्या नसतील तर मधली रक्कम एपीआरमधून सुटली आहे, असं समजा.

एपीआरमध्ये आणखी एक गोष्ट मुळातच येत नाही. पुढे घडलं तरच लागू होणारे आकार, म्हणजे उशिराचा दंड किंवा मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क, त्यात धरत नाहीत. दंडाचं ठीक आहे, पण मुदतीआधी कर्ज फेडणारे लोक पुष्कळ असतात. बोनस मिळतो, एफडी मोडते, सोनं विकलं जातं आणि वर्षभरात कर्ज संपवून मोकळं व्हावंसं वाटतं. या वेळी खरा दर कसा उसळतो ते पाहण्यासारखं आहे.

आपल्या शिक्षिकेनं बारा हप्ते भरले आणि उरलेलं कर्ज एकदम फेडायचं ठरवलं. बँकेच्या वहीत बाकी असते सुमारे २,१३,५५०. शुल्क काहीच लागलं नाही असं धरलं, तरी सुरुवातीचे १६,०८० रुपये आता तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाच्या वापरावर पडतात आणि दर होतो २०.८ टक्के. करारात चार टक्के शुल्क आणि वर जीएसटी असेल, तर आणखी १०,०८० रुपये जातात. तेव्हा सूत्रात चौथा आकडा येतो, शेवटी एकरकमी भरलेली रक्कम:

```
=RATE(12,-10253,283920,-223630)*12
```

उत्तर २४.४ टक्के. व्याज वाचवायला म्हणून लवकर फेडलेलं चौदा टक्क्यांचं कर्ज चोवीस टक्क्यांना पडलं. याचा अर्थ लवकर फेडणं चूक, असा मात्र नाही. फी आणि विमा तर जाऊन चुकले. ते परत येणार नाहीत. बाराव्या महिन्याला प्रश्न एवढाच असतो की १०,०८० रुपये भरून पुढच्या चोवीस हप्त्यांतलं किती व्याज वाचतं. उरलेले हप्ते आहेत २,४६,०७२ रुपयांचे, आज द्यायचे आहेत २,२३,६३०. वाचतात २२,००० हून जास्त. तो पैसा बचत खात्यात पडून राहणार असेल तर फेडणंच बरं. चोवीस टक्के हा आकडा कामाचा आहे तो कर्ज घेण्याआधी. वर्षभरात पैसे येणार हे माहीत असेल, तर एकदाच कापली जाणारी मोठी फी आणि पूर्ण मुदतीचा विमा असलेलं कर्ज घेऊ नये. तेव्हा दर थोडा जास्त पण फी नगण्य असलेलं कर्ज, किंवा सोनेतारण, निश्चित स्वस्त पडतं. आणि कर्ज बंद केल्यावर विम्याच्या उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मिळतो का, हे पॉलिसीच्या अटींत पाहून लेखी अर्ज करा. न मागता तो खात्यात येईल असं धरून चालू नका.

कर्ज घरासाठी असेल, मुदत वीस वर्षांची असेल, तर तेवढ्याच टक्क्यांच्या फीचा भार फार हलका होतो, कारण ती मोठ्या काळावर पसरते. मुदत जितकी लहान तितका फीचा डंख मोठा. सहा महिन्यांच्या, मोबाईल अ‍ॅपवरून घेतलेल्या छोट्या कर्जांत तो सर्वांत जास्त असतो. तिथे दर सांगितला जातो महिन्याचा, फी सांगितली जाते रुपयांत, आणि दोन्ही किरकोळ वाटतात. तेच आकडे RATE मध्ये घाला आणि मग ठरवा.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी ते दिल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस बँकेला त्या अटी कायम ठेवाव्या लागतात, म्हणून ‘ऑफर आजच संपते’ या घाईला बळी पडण्याचं कारण नाही. त्या तीन दिवसांत दुसऱ्या बँकेचंही स्टेटमेंट आणा, विमा धरून आणि वगळून दर काढा. की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये नसलेलं कोणतंही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. ते स्टेटमेंट कर्ज फिटेपर्यंत जपून ठेवा.